मालक तिथे नव्हता

१५ फेब्रुवारी २०२१. मध्यरात्र उलटून गेली होती. धुळ्याकडून रावेरच्या दिशेने पपई घेऊन निघालेला ट्रक यावल तालुक्यात किनगावजवळ उलटला आणि त्यातून प्रवास करणाऱ्या पंधरा मजुरांचा जीव गेला. बहुतेक जण रावेर तालुक्यातले होते. दिवस उजाडेपर्यंत बातमी देशभर पोहोचली, पंतप्रधानांनी शोक व्यक्त केला, सरकारी मदतही जाहीर झाली.

मदत आणि भरपाई मात्र एक नव्हेत. मदत सरकार देते आणि तिचा आकडा सरकारच ठरवते. भरपाई मागायची तर कोणाकडून आणि कशाच्या आधारावर, हे दाखवून द्यावे लागते. शेतमाल वाहणाऱ्या गाडीचा असा कोणताही अपघात घेतला, तरी त्याच्याभोवती चार-पाच माणसे उभी असतात: स्टिअरिंगवरचा चालक, घरी झोपलेला गाडीमालक, माल खरेदी करणारा व्यापारी, मजूर गोळा करणारा मुकादम आणि बाग उभी करणारा शेतकरी. चूक चालकाची असली, तरी मेलेल्या माणसाच्या कुटुंबाला तो काय देणार? गाडीमालक म्हणतो, मी तिथे नव्हतो. व्यापारी म्हणतो, मी फक्त माल घेतला. मुकादम म्हणतो, मी माणसे आणून दिली, गाडी माझी नव्हती. प्रत्येकाचे म्हणणे थोडे थोडे खरेही असते. यातून वाट काढणारा कायद्याचा जो भाग आहे, त्याला वकिलांच्या भाषेत ‘व्हिकॅरिअस लायबिलिटी’ म्हणतात. नोकराने केलेल्या चुकीची भरपाई मालकाने द्यायची, ती मालकाचा स्वतःचा काडीचाही दोष नसताना. प्रस्तुत पुस्तक याच विषयावर आहे. ते जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले तरुण वकील, ट्रक-ट्रॅक्टरचे मालक, जिनिंग-प्रेसिंगचे कारखानदार आणि पतसंस्थांचे संचालक यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

या विषयात नवख्या वाचकाला पहिल्यांदा खटकते ते हेच, की दोष नसताना शिक्षा कशी? पण ही शिक्षा नव्हे. फौजदारी खटला चालकावरच चालतो आणि तुरुंगात जायचे तर तोच जातो. दिवाणी भरपाईतूनही चालक सुटत नाही. मालक त्याच्या जोडीला येऊन उभा राहतो, एवढेच. त्याला उभे करण्यामागचे कारण असे, की धंदा त्याने काढला, धंद्यातला नफा त्याचा, नोकर निवडला त्याने आणि विमा उतरवण्याची ऐपतही त्याचीच. धंद्यातून निघणारा धोका रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने सोसावा, यापेक्षा तो धंद्याच्या खर्चात धरावा, हे न्यायालयांना अधिक रास्त वाटले.

भारतात ही जबाबदारी सांगणारा एकच असा कायदा नाही. ती निकालांतून घडली आहे आणि तिचा उगम इंग्लंडमध्ये आहे. तिथे १८३४ साली ‘जोएल विरुद्ध मॉरिसन’ या खटल्यात न्यायमूर्ती पार्क यांनी एक फरक सांगितला. मालकाच्या कामावर निघालेला नोकर थोडा वळसा घालून गेला तरी मालक जबाबदार राहतो. पण मालकाचे काम बाजूला ठेवून तो स्वतःच्याच मौजेखातर निघाला असेल, तर मालक जबाबदार नाही. पुढे १८६२ साली लंडनच्या एका घोडाबस कंपनीचा खटला आला. कंपनीने चालकांना छापील सूचना दिली होती, की दुसऱ्या कंपनीच्या बसशी शर्यत लावू नका, तिला आडवे जाऊ नका. एका चालकाने नेमके तेच केले आणि दुसऱ्याची बस उलटवली. कंपनीने आपली सूचना न्यायालयापुढे ठेवली. तरी कंपनी हरली. चालकाला नेमले होते बस चालवून प्रवासी मिळवायला आणि तो करत होता तेच, फक्त मनाई असलेल्या पद्धतीने. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या स्टँडवर प्रवाशांसाठी एकमेकींना रेटणाऱ्या काळी-पिवळी जीप ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हा निकाल दीडशे वर्षांपूर्वीचा वाटणार नाही.

१९०७ साली सामंड या विधिपंडिताने या निकालांना एका सूत्रात बांधले. मालकाने सोपवलेले काम करताना झालेली चूक मालकाची. आणि सोपवलेलेच काम न सोपवलेल्या, अगदी मनाई केलेल्या रीतीने केले, तरीही मालकाचीच. मात्र नोकराने सोपवलेल्या कामाबाहेरचे वेगळेच काहीतरी केले, तर ते त्याचे त्याच्यापाशी. भारतीय न्यायालये आजही बहुतांशी याच सूत्राने बोलतात. सूत्र ऐकायला सोपे आहे. अडचण येते ती ‘तेच काम वेगळ्या रीतीने’ आणि ‘वेगळेच काम’ यांच्यामधली रेघ कुठे मारायची, या ठिकाणी. या पुस्तकाचा खरा विषय ती रेघ आहे.

ही रेघ कशी मारली जाते हे पाहायला खानदेशी वाचकाला ओळखीचा वाटेल असा एक खटला आहे, जिनिंग-प्रेसिंगच्या धंद्यातला. १८ डिसेंबर १९६० रोजी रणजित जिनिंग अँड प्रेसिंग या कंपनीची मोटार नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघाली होती. गाडी कंपनीचा मॅनेजर स्वतः चालवत होता. त्याच्या शेजारी एक गृहस्थ होते. ते कंपनीचे नोकर नव्हते, मॅनेजरने त्यांना सोबत घेतले होते. वाटेत गाडी आपली बाजू सोडून उजवीकडे गेली, रस्त्याबाहेर उतरली आणि झाडावर आदळली. ते गृहस्थ दगावले. त्यांच्या पत्नीने आणि मुलांनी भरपाई मागितली.

कंपनीचा बचाव दुपदरी होता. पहिला पदर, चालवणाऱ्याची चूक सिद्ध झालेली नाही. झाडावर गाडी का आदळली हे पाहिलेला साक्षीदार नाही. दुसरा पदर, माणसाला गाडीत घेणे हे मॅनेजरचे खासगी सौजन्य होते, कंपनीचे काम नव्हते, तेव्हा तेवढ्यापुरता तो कामाच्या ओघात नव्हता. दावा न्यायाधिकरणाने कुटुंबाच्या बाजूने कौल दिला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो फिरवला आणि कंपनीला सोडले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाला चूक ठरवले.

तिथे न्यायालयाने केलेले विचारांचे पाऊल बारकाईने पाहण्यासारखे आहे. चुकीबद्दल न्यायालय म्हणाले, की मोकळ्या रस्त्यावरची गाडी आपणहून उलट्या बाजूला जाऊन झाडावर आदळत नाही. घटनाच चूक बोलून दाखवते, आता खुलासा दुसऱ्या बाजूने करायचा. कामाच्या ओघाबद्दल न्यायालयाने ‘शेजारी बसलेल्याला कोणी बसवले’ हा प्रश्न मध्यावरून हलवला. गाडी कोणाची? कंपनीची. चालवणारा कोण? कंपनीचा मॅनेजर. कुठे आणि कशासाठी चालला होता? पांढुर्ण्याला, कंपनीच्या कामासाठी. म्हणजे गाडी चालवण्याची जी क्रिया अपघाताला कारण झाली, ती कंपनीचीच होती. सोबत कोणाला तरी घेतल्याने ती क्रिया कंपनीची उरली नाही असे होत नाही. आणि मॅनेजरच्या हुद्द्याच्या माणसाने कोणाला बरोबर घेतले, तर त्याला तो अधिकार आहे असेच बाहेरचा माणूस धरून चालणार. या खटल्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. विमा कंपनी पॉलिसीत लिहिलेल्या पंधरा हजारांच्या मर्यादेपलीकडे बांधील नव्हती. उरलेली रक्कम जिनिंग कंपनीच्या अंगावर आली.

आता याच्या शेजारी दुसरा खटला ठेवला म्हणजे रेघेची दुसरी बाजू दिसते. अहमदाबादेत एका टॅक्सीमालकाने आपली गाडी चालकाकडे टॅक्सी म्हणून चालवायला दिली होती. चालकाने गाडी धुणाऱ्या पोऱ्याला हाताशी धरले, त्याला चालवायला शिकवले आणि एके दिवशी परवान्याच्या चाचणीसाठी गाडी त्याच्या ताब्यात दिली. चाचणीच्या वेळी अपघात होऊन एकजण जबर जखमी झाला. १९६६ साली ‘सीताराम मोतीलाल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने मालकाला सोडले. गाडी दिली होती भाडे मिळवायला. पोऱ्याला परवाना मिळवून देणे हे मालकाच्या धंद्याचे काम नव्हते. न्यायमूर्ती सुब्बाराव यांना हे पटले नाही आणि त्यांनी वेगळा निकाल लिहिला.

त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी महाराष्ट्र शासनाने याच निकालाचा आधार शोधला. शासकीय जीपचा चालक दारू प्यालेला होता, म्हणून त्याने स्टिअरिंग बरोबरच्या एका कारकुनाकडे दिले. जीपने स्कूटरला धडक दिली, स्कूटरस्वार मरण पावला. शासनाचे म्हणणे होते, की कारकुनाला गाडी चालवायला आम्ही नेमलेले नाही, त्याने केलेली चूक आमची कशी? ‘कांचनमाला शिर्के’ या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. जीप सरकारी कामावर निघाली होती. ते काम अयोग्य रीतीने पार पाडले जात होते, पण काम तेच होते.

वरवर पाहता दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडली आहे: नेमलेल्या चालकाने न नेमलेल्या माणसाच्या हाती गाडी दिली. निकाल मात्र उलटे. नवशिका वकील इथे गोंधळतो आणि ‘अलीकडचा निकाल तो खरा’ असे म्हणून मोकळा होतो. ते उत्तर आळशीपणाचे आहे. जीप त्या घटकेला ज्या फेरीवर होती ती फेरी मालकाची होती, टॅक्सी ज्या फेरीवर होती ती मालकाची नव्हती, हा फरक आहे. हात कोणाचा होता यापेक्षा फेरी कोणाची होती हे आधी विचारावे, असा या दोन निकालांचा एकत्र अर्थ लावता येतो. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचा वेगळा सूर आज वाचला, तर मोटार अपघातांत न्यायालयांचा कल हळूहळू त्या बाजूला सरकला आहे, हेही कबूल करावे लागते.

म्हणूनच या विषयात मोठमोठ्या तत्त्वांपेक्षा लहान कागद अधिक बोलतात. बिल्टी, बाजार समितीतली किंवा केळीच्या वखारीतली पावती, गेटपास, टोलनाक्यावरची नोंद, चालकाच्या मोबाईलवर त्या रात्री आलेले फोन यांवरून ठरते, की ट्रक मालकाच्या फेरीवर होता की चालक त्याला आपल्या भाच्याच्या लग्नाला घेऊन चालला होता. गाडी मालकाची आणि चालक त्याचा नोकर, एवढे सिद्ध झाले की तो मालकाच्याच कामावर होता असे न्यायालय धरून चालते. तसे नव्हते हे दाखवण्याचा भार मालकावर येतो. जो मालक साक्षीच्या पिंजऱ्यात येतच नाही आणि लेखी म्हणण्यात फक्त ‘मला माहीत नाही’ असे लिहून देतो, त्याचा बचाव सुरू होण्याआधीच संपलेला असतो. रणजित जिनिंगच्या खटल्यातही मॅनेजर खासगी कामाला चालला होता, असे दाखवणारा पुरावा कंपनीने आणला नव्हता.

दुसरा प्रश्न, चूक करणारा नेमका कोणाचा नोकर? खानदेशात तो जास्त अवघड आहे. केळीच्या कापणीला टोळी येते ती मुकादमाच्या शब्दावर, पैसे देतो व्यापारी, बाग शेतकऱ्याची, गाडी चौथ्याचीच, आणि यातले काहीही कागदावर नसते. पगार कोण देतो हा निकष इथे पुरत नाही. काम कसे करायचे हे त्या वेळी कोण सांगत होते, हा प्रश्न न्यायालये विचारतात. राजस्थानच्या एसटी महामंडळाने खासगी मालकाची बस भाड्याने घेऊन आपल्या मार्गावर चालवली होती. चालक खासगी मालकाचा, पण तो चालत होता महामंडळाच्या कंडक्टरच्या सूचनेवर. अपघात झाला तेव्हा १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने महामंडळाला जबाबदार धरले, कारण त्या घटकेपुरता चालकावरचा ताबा महामंडळाकडे गेला होता. आपल्याकडे शिवशाहीच्या काही बस खासगी मालकांच्या आणि चालकही त्यांचेच असत, हे आठवले तर हा निकाल दूरचा वाटत नाही.

गाडीच्या मालकीबाबत एक धोका गावोगाव दिसतो. ट्रॅक्टर किंवा पिकअप विकली, पैसे घेतले, चावी दिली, पण आरसी बुकावरचे नाव बदलायचे राहिले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. गाडी कितीही हातांतून पुढे गेली असली तरी भरपाईचा आदेश त्याच्याच नावावर निघेल. शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर लिहून घेतलेली सौदापावती पुढच्या खरेदीदाराविरुद्ध वापरता येईल, अपघातग्रस्ताविरुद्ध नाही.

रस्ता सोडून पैशांकडे वळले की रेघ वेगळीच दिसते. ‘स्टेट बँक विरुद्ध श्यामादेवी’ या १९७८ च्या खटल्यात खातेदार बाईने पैसे बँकेत भरायला एका बँक कर्मचाऱ्याकडे दिले. तो ओळखीचा, शेजारधर्माचा माणूस होता. पैसे खात्यात गेले नाहीत, त्याने ते हडपले. सर्वोच्च न्यायालयाने बँकेला सोडले. त्याने पैसे घेतले ते काउंटरवर बसलेला कर्मचारी म्हणून नव्हे, ओळखीचा माणूस म्हणून. बँकेची पावती नाही, बँकेच्या कामाचा भाग नाही. नोकरीमुळे चोरीची संधी मिळाली, एवढ्याने बँक बांधली जात नाही.

जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठांत संध्याकाळी दुकानोदुकानी फिरून रोजची बचत गोळा करणारा पिग्मी एजंट या निकालाच्या उजेडात पाहावा. तोही ओळखीचाच असतो, बहुधा त्याच गल्लीतला. पण पैसे घेणे हेच त्याला सोपवलेले काम आहे आणि तो ते संस्थेच्या यंत्रावर किंवा संस्थेच्या पुस्तकात नोंदवून घेतो. अशा ठेव गोळा करणाऱ्यांना २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगार मानले, त्यामुळे ‘तो आमचा माणूस नाही, कमिशनवरचा आहे’ हा पवित्राही दुबळा झाला आहे. दुकानदाराने पावती घेतली असेल तर पैसे संस्थेला पोहोचले असे समजायचे, मग एजंटाने ते पुढे भरले असोत वा नसोत. पण तोच दुकानदार एजंटाला म्हणाला असेल, की ‘यातले पन्नास हजार तूच कुठेतरी दोन टक्क्यांनी लाव’, तर ते पन्नास हजार श्यामादेवीच्या वाटेने गेले. एकाच माणसाने, एकाच संध्याकाळी, एकाच दुकानात घेतलेल्या दोन रकमांचे कायद्यापुढे दोन वेगळे नशीब असू शकते. पुस्तकातला हा भाग पतसंस्थांच्या संचालकांनी जरूर वाचावा, कारण ‘एजंट पळाला’ एवढ्यावर त्यांची सुटका होत नाही.

मालक सरकार असेल तेव्हा हा विषय बराच काळ एका जुन्या भिंतीला अडत होता. राजाच्या सार्वभौम कामात झालेल्या चुकीची भरपाई मागता येत नाही, ही कल्पना ब्रिटिश काळातल्या निकालांमधून आली. १९६५ च्या ‘कस्तुरीलाल’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती पोलिसांच्या बाबतीत कायम ठेवली. मेरठला पोलिसांनी जप्त केलेले व्यापाऱ्याचे सोने हेड कॉन्स्टेबलने पळवले आणि तो पाकिस्तानात निघून गेला; व्यापाऱ्याला शासनाकडून काही मिळाले नाही. कायदा आयोगाने तर १९५६ सालच्या आपल्या पहिल्याच अहवालात या विषयावर कायदा करा असे सुचवले होते. तो झाला नाही. भिंत ढासळली ती निकालांनीच.

त्यातला एक निकाल खानदेशच्या वेशीवरचा, तेव्हाच्या औरंगाबादचा आहे. जुलै १९६३ मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर एका बाईची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोट दुखत राहिले, प्रकृती ढासळली, दुसऱ्या डॉक्टरने पोट पुन्हा उघडले तेव्हा आत राहिलेला टॉवेल निघाला. काही दिवसांत ती बाई मरण पावली. खालच्या न्यायालयाने छत्तीस हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते नाकारले आणि १९९६ साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मंजूर केले. रुग्णालय चालवणे हे सार्वभौम काम नाही, हे त्याने सांगितले. त्याहून महत्त्वाचे असे, की नेमक्या कोणत्या डॉक्टरच्या हातून चूक झाली हे निश्चित करता आले नाही तरी, मृत्यू रुग्णालयातल्या निष्काळजीपणाने झाला हे सिद्ध असेल तर शासन जबाबदार. सिव्हिल हॉस्पिटलच्या शस्त्रक्रियागृहात आत काय घडले हे नातेवाइकाला कधीच कळत नाही. त्या अज्ञानाचा फायदा मालकाला मिळू नये, हा या निकालाचा गाभा आहे.

हेतुपुरस्सर केलेल्या गुन्ह्यांपुढे सामंडचे सूत्र अडखळते, आणि इथूनच परदेशांत नवा पंथ निघाला. वसतिगृहाच्या रेक्टरने मुलांवर अत्याचार केले, तर ते ‘सोपवलेले काम वाईट रीतीने’ कसे म्हणायचे? कॅनडाने १९९९ मध्ये आणि इंग्लंडने २००१ मध्ये उत्तर दिले: कामाशी त्या कृत्याचे जवळचे नाते आहे का आणि मालकाच्या धंद्याने तो धोका निर्माण केला का, हे पाहा. मुलांची देखभाल हेच ज्याच्यावर सोपवले, त्याने केलेले अत्याचार त्या नात्यात बसतात. इंग्लंडने २०१६ मध्ये हे सूत्र इतके ताणले, की पेट्रोल पंपावरच्या कर्मचाऱ्याने ग्राहकाला केलेली मारहाणही सुपरमार्केट कंपनीच्या अंगावर आली. २०२० मध्ये त्याच कंपनीच्या एका नाराज लेखापरीक्षकाने सुमारे एक लाख सहकाऱ्यांच्या पगाराची माहिती सूडापोटी उघड केल्याचा खटला आला, तेव्हा न्यायालयाने पाय मागे घेतला आणि कंपनीला सोडले. भारतात हावड्याच्या यात्री निवासात रेल्वे कर्मचाऱ्यांनी केलेल्या बलात्काराबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली रेल्वेला जबाबदार धरले. पण जवळच्या नात्याचे सूत्र आपल्याकडे अजून पुरते रुजलेले नाही. आश्रमशाळा आणि वसतिगृहे ज्या भागात इतकी आहेत, तिथे ते फार काळ बाजूला ठेवता येणार नाही.

एक गल्लत इथेच दूर करायला हवी, कारण ती न्यायालयाच्या आवारातही ऐकू येते. ‘कामाच्या ओघात’ हेच शब्द कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यातही आहेत, पण तिथे जखमी होणारा नोकर स्वतः असतो. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटेच्या पाळीला मोटारसायकलने निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मृत्यू कामाच्या ओघातला मानला आणि कुटुंबाला भरपाई दिली. यावरून कोणी असा निष्कर्ष काढेल, की पाळीला जाताना त्याच पहारेकऱ्याने एखाद्याला उडवले असते तर कारखाना जबाबदार असता. तसे होत नाही. घरून कामावर जाणारा माणूस सर्वसाधारणपणे अजून मालकाच्या फेरीवर नसतो. नांदुऱ्याला माल पाहायला मालकाने पाठवलेला माणूस मात्र असतो.

आजच हे पुस्तक का, याचे उत्तर विम्यात आहे. बहुतेक मालकांचा समज असा, की विमा आहे म्हणजे जबाबदारी विमा कंपनीची. पण मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांना सक्तीच्या विम्याचे संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ पासून पक्के केले आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी त्यात बसतो, गाडीवरचे कामगार मर्यादेपर्यंत बसतात, बाकीचे नाहीत. म्हणजे ट्रकच्या मागे बसलेला माणूस हमाल होता, व्यापाऱ्याचा मजूर होता, की वाटेत बसलेला गावकरी, या एका प्रश्नावर ठरते की पैसे कंपनी देणार की मालकाची शेती विकली जाणार. कधी न्यायालय कंपनीला आधी भरायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगते; कुटुंबाला पैसे मिळतात, पण मालकाचे ओझे जागचे हलत नाही. एसटी महामंडळाची गोष्ट वेगळी. त्याला सक्तीच्या विम्यातून सूट मिळते, कारण भरपाईसाठी स्वतःचा निधी ठेवणे अपेक्षित आहे. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून निघालेली अमळनेर आगाराची बस खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. चालक-वाहकही वाचले नाहीत. अशा वेळी महामंडळापुढे मागे वळून पाहायला विमा कंपनी नसते. आदेश थकला की बेलीफ स्टँडवर येऊन बस जप्त करतो, ही बातमी मराठी वृत्तपत्रांना नवी नाही.

पुस्तकाची मांडणी या सगळ्याला धरून आहे. निकालांची यादी देण्याऐवजी ते प्रसंगांवरून चालते: ट्रक, जीप, पतसंस्था, दवाखाना, वसतिगृह. प्रत्येक प्रसंगात आधी तथ्ये, मग दोन्ही बाजूंचे म्हणणे आणि मग न्यायालयाने रेघ कुठे मारली ते. फौजदारी जबाबदारीला ते हात लावत नाही आणि ग्राहक आयोगातल्या तक्रारींना जेवढ्यास तेवढाच स्पर्श करते. कोणता पुरावा कोणत्या टप्प्यावर आणावा, याची चर्चा मात्र मनापासून केली आहे आणि ती इतर पुस्तकांत सापडत नाही.

एका मुद्द्यावर पुस्तकाशी सहमत होणे अवघड जाते. मुकादमाला ते स्वतंत्र कंत्राटदार मानते आणि त्यामुळे व्यापाऱ्यावरची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी सैल होते. कागदावर तसे दिसते हे खरे. पण कोणत्या बागेत जायचे, किती वाजता गाडी भरायची, रात्रीच निघायचे की सकाळी आणि टोळीने परतायचे कशातून, हे बहुधा व्यापाऱ्याच्या फोनवर ठरते. राजस्थानच्या बसचा निकष लावला, तर ताबा कोणाचा हे विचारावेच लागेल. या प्रश्नावर थेट बोलणारा एखादा दावा जळगाव किंवा धुळ्याच्या न्यायाधिकरणातून औरंगाबाद खंडपीठापर्यंत जाऊन लढला गेला, तर पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत हे प्रकरण लेखकाला नव्याने लिहावे लागेल.